रविवारी संध्याकाळी खानावळ बंद

दोष अप्पांचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी लोक मलाच समजावत बसतात.

केशवापुरात अप्पांची खानावळ होती आणि तिच्यावर आम्हा ब्रह्मचाऱ्यांच्या खोल्या. आठवड्यातले सहा दिवस किस्से घडायला कुणाला फुरसत नसायची. सगळे साठले ते रविवारचे. आता चहाला बसलं की कुणीतरी म्हणतं, "तो इस्त्रीचा सांग!" आणि सगळे हसतात. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

अप्पांचा नियम असा: रविवारी दुपारी होळिगे, म्हणजे पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, हवं तेवढं खा. संध्याकाळी चूल बंद. कारण विचारलं तर म्हणायचे, "दुपारचं एवढं जड असतं, रात्री भूक लागतेच कुणाला?"

भूक लागत नव्हती, खरंच. दुसरंच काहीतरी लागायचं. जड जेवून झोपलं की जाग यायची साडेपाचला. खोलीत ना उजेड ना अंधार. क्षणभर कळत नसे की सकाळ आहे की संध्याकाळ. मग कळायचं. खाली भांड्यांचा आवाज नाही, दुकानांची फळकुटं लावलेली, रस्त्यावर एखादी रिक्षा. सहा दिवस ज्या गडबडीला शिव्या घालायचो ती थांबली की छातीत काहीतरी उठून बसायचं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सोमवारी सकाळी आठला प्रॅक्टिकल. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत. एवढं एक ध्यानात ठेवा.

*

दिगू बँकेत क्लार्क. रविवारी सहा वाजले की कोळशाची इस्त्री पेटवून सोमवारचा शर्ट घ्यायचा. तो झाला की मंगळवारचा. सहाही झाले की पुन्हा पहिला!

एकदा मी विचारलं, "अरे, हा तर झालाय ना?"

"कॉलर राहिली."

तिसऱ्यांदा तोच शर्ट घेतला तेव्हा पाठीवर हाताएवढं भोक पडलं. मला वाटलं आता रडतो. दिगूने शर्ट उजेडात धरला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बरं झालं," म्हणाला. "आता रफू करायला लागेल. आठ तरी वाजतील."

*

मल्लाप्पा रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. दंड एवढे, की पंगतीत त्याच्या बाजूला बसायला कुणी तयार नसे. मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा. एका रविवारी माझं दार ठोठावलं. अंगावर घाम, हात बर्फासारखे.

"तम्मा, मी चाललो. हार्ट."

रिक्षात घालून डॉक्टरकडे नेला. डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी धरली, जीभ बघितली.

"आधी असं झालं होतं?"

"गेल्या रविवारी. त्याच्या आधल्या रविवारीही. सहा-साडेसहाला धडधड सुरू होते, श्वास पुरत नाही, आता काहीतरी होणार असं वाटतं."

"आणि सोमवारी?"

"वर्कशॉपचा भोंगा झाला, हातात पाना आला, की काही नाही."

डॉक्टर म्हणाले, "हार्ट काही कॅलेंडर बघत नाही, मल्लाप्पा."

"मग माझ्या हार्टला सुट्टी कळते कशी, साहेब?"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला. मल्लाप्पाने विचारलं, "औषध काय घेऊ?"

"सोमवार सकाळ," डॉक्टर म्हणाले.

रिक्षात मल्लाप्पाने माझा हात सोडला नाही. एवढा मोठा माणूस! मला बरं वाटायला हवं होतं, की हे माझ्या एकट्याचं नाही. उलट जास्त घाबरलो. म्हणजे नोकरी लागली तरी हे सुटत नाही तर.

*

मी बसस्टँडवर जाऊन बसायचो. तिथे माणसं असतात, पाटी वाचता येते, कुणी विचारलं तर उत्तर असतं. एका रविवारी बाकावर बसलो तर शेजारी दिगू.

"काय रे इथे?"

"मामा यायचेत. कलघटगीच्या गाडीने. तू?"

"माझेपण मामाच."

तेवढ्यात समोरून मल्लाप्पा आला. आम्हाला बघून दचकला आणि विचारायच्या आत म्हणाला, "मामांना घ्यायला आलोय."

कलघटगीची गाडी आली. रिकामी झाली. तिघेही जागचे हललो नाही. दुसरी आली, तीही गेली. कुणी कुणाकडे बघितलं नाही. खरं बोलायची ती एकच वेळ होती, आणि तिघांनीही घालवली.

शेवटी दिगू उठला. "चुकले वाटतं."

"माझेही," मल्लाप्पा म्हणाला.

पुढच्या रविवारी तिघेही तीन वेगळ्या बाकांवर!

*

वडीलधाऱ्यांना सांगून बघितलं, नाही असं नाही. अळणावरजवळच्या गावी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पत्र लिहिलं. उत्तर आलं: "अभ्यासात लक्ष नसले की असले विचार येतात. पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ करावी." पहाटे उठायला आधी झोप लागावी लागते, हे त्यांना कोण सांगणार?

अप्पांनाही म्हणालो, "संध्याकाळी नुसती खानावळ उघडी ठेवा. जेवण नको. बसतो आम्ही थोडा वेळ."

"कशाला?"

"भीती वाटते."

सगळ्या पंगतीसमोर हसले. "तुमच्या वयात आम्हाला घाबरायला वेळ नव्हता रे!" पंगतही हसली. दिगू आणि मल्लाप्पाही हसले. ते मी विसरलेलो नाही.

*

मग मला माझं औषध सापडलं. एका रविवारी सातला, श्वास अडकलेला असताना, मोठ्याने म्हणालो, "उद्या जायचं नाही." झटकन छाती मोकळी झाली! इतकी हलकी, की शीळ घातली. सोमवारी झोपलो. पुढच्या रविवारी भीती साडेपाचची चारलाच आली, कारण आता बुडालेल्या प्रॅक्टिकलचाही जाब होता. पुन्हा तेच औषध. मग शनिवारपासून सुरू झाली. मंगळवारही बुडाला.

कॉलेजने शेवटची संधी दिली: पालकाच्या सहीचं हमीपत्र, सोमवारी सकाळी आठच्या आत. अण्णांनी माझे स्थानिक पालक म्हणून अप्पांचं नाव दिलेलं. शनिवारी कागद घेऊन गेलो तर म्हणाले, "आत्ता वाढप चालू आहे. उद्या दुपारी होळिगेची गर्दी. संध्याकाळी ये, निवांत करू." सोमवारी पहाटे ते भाजी आणायला मार्केटला जात, नऊच्या आत परतत नसत.

रविवारी सहाला खाली उतरलो. दाराला आतून कडी. खिडकीची एक फळी उघडी होती, तिच्यातून बघितलं.

आत दिवा न लावता अप्पा पंगत मांडत होते. पाट, ताट, वाटी, तांब्या. सोळा पानं. चुलीत जाळ नाही. सगळी मांडून झाल्यावर पहिल्या ताटापाशी गेले, वाकले, आणि रिकाम्या ताटात रिकामी पळी वाढली. मग दुसऱ्या. ओठ हलत होते. सोळावं झालं की सगळं उचललं, भिंतीशी लावलं, घाम पुसला आणि पुन्हा पहिला पाट उचलला.

मी दार वाजवलं. "अप्पा, सही."

पाट हातातच राहिला. मग आतून आवाज आला, त्यांचा वाटत नव्हता तो.

"खानावळ बंद आहे."

"अप्पा, उद्या सकाळी आठपर्यंतच मुदत आहे. तुम्हीच ये म्हणालात."

"रविवारी बंद असते, माहीत नाही का?"

आणि हात पुढे करून त्यांनी खिडकीची फळी लावून घेतली.

मला परीक्षेला बसू दिलं नाही. कॉलेज सुटलं ते सुटलंच.