तीन तेलं आणि एक हातपंप

दरवर्षी जुलैच्या शेवटी बी.एस्सी.च्या वर्गाला मी ते सूत्र फळ्यावर लिहून देतो. कुठलाही घन किंवा द्रव पदार्थ घ्या. दाब कायम ठेवून तो एक अंश तापवायला जितकी उष्णता लागते, तितकी आकारमान कायम ठेवून लागत नाही, थोडी कमी लागते. या दोहोंतला फरक काढायचा तर प्रसरण गुणांकाचा वर्ग करा, त्याला निरपेक्ष तापमानाने गुणा, एका ग्रॅमच्या आकारमानाने गुणा आणि संकोच्यतेने भागा. संकोच्यता म्हणजे दाबल्यावर द्रव किती आकसतो ते. इथवर आलो की मी खडू खाली ठेवतो आणि "कोणती संकोच्यता?" असं जरा जास्तच मोठ्यानं विचारतो. पोरं दचकतात. मास्तर विक्षिप्त आहे असं त्यांचं मत आहे आणि ते खरंच आहे.

तिसाच्या दशकात माझा एक मित्र आणि मी पुण्यात एकाच कॉलेजात संशोधन करत होतो. तो तळमजल्यावर, उष्णतेच्या खोलीत, आणि मी माडीवर, ध्वनीच्या खोलीत. त्याचा प्रबंध खाद्यतेलांवर होता. तीळ, शेंगदाणा, करडई आणि जवस. परदेशी शुद्ध द्रवांचे आकडे पुस्तकांत ढिगानं सापडतात, आपल्या घाण्यावरच्या तेलांचे कोण देणार, असं तो म्हणायचा. त्याला आकारमान कायम ठेवून लागणारी उष्णता हवी होती. ती सरळ मोजणं जवळजवळ अशक्य. तेल काठोकाठ भरून भांडं बंद केलं आणि एक अंश तापवलं, तर आत दहा-बारा वातावरणांचा दाब चढतो. भांडं फुगतं, गळतं, नाहीतर फुटतं. म्हणून दाब कायम ठेवून उष्णता मोजायची, प्रसरण मोजायचं, संकोच्यता मोजायची आणि सूत्रानं फरक काढून तो वजा करायचा.

तिळाच्या तेलाचं सगळं त्यानं स्वतः केलं. प्रसरण बारीक मानेच्या काचेच्या फुग्यात, आणि संकोच्यता जाड नळीत तेल सावकाश दाबून, दर वेळी ते पुन्हा मूळ तापमानाला येईपर्यंत थांबून. बाकीच्या तीन तेलांचं प्रसरण मोजेपर्यंत त्याला संध्याकाळचा ताप येऊ लागला होता. मग खोकल्यात रक्त पडलं. डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि हवापालटासाठी त्याला लोणावळ्याला नेलं. कुसगावच्या वाटेवर एक छोटा बंगला, उघडी पडवी, पडवीत खाट. सोबत त्याची बायको, आणि स्वयंपाकाला कुसगावची एक मावशी.

तीन तेलांची संकोच्यता राहिली होती. त्याचं पत्र आलं, "तेवढी तू काढून पाठव, म्हणजे पडल्या पडल्या मी कोष्टक पुरं करीन." मी खुशीत होतो. आमच्या खोलीत नवा स्फटिक बसला होता. त्यानं द्रवात अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सोडायच्या, वेग मोजायचा आणि वेग व घनता यांवरून संकोच्यता काढायची. त्याला महिना लागायचा ते काम मी चार दिवसांत केलं. कार्डावर तीन आकडे लिहिले, वर नुसतं "संकोच्यता" लिहिलं आणि टाकलं पेटीत.

आमच्या माडीवर सगळे तसंच लिहीत. आम्हाला एकच संकोच्यता ठाऊक होती, ध्वनीची. तळमजल्यावरच्यांनाही एकच ठाऊक होती, सावकाश दाबून मिळणारी. मध्ये फक्त एक जिना होता. ध्वनीची लाट तेल इतक्या झटक्यात दाबते की दाबल्यानं निपजलेल्या उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तेल जरा तापतं, म्हणून जरा ताठ राहतं आणि कमी आकसतं. सूत्राला हवी असते ती दुसरी, तापमान कायम ठेवून मोजलेली. माझे आकडे बरोबर होते, पण त्या सूत्रात घालायचे नव्हते. घालायचे तर आधी त्यांत एक दुरुस्ती करायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी परीक्षेत लिहिलं होतं. कार्ड लिहिताना ते माझ्या मनातही आलं नाही.

डिसेंबरात मी भेटायला गेलो. तो खाटेवर उशाला टेकून बसला होता, मांडीवर वही. गाल आत गेले होते आणि डोळे मात्र नको इतके चकाकत होते.

"हे बघ," तो म्हणाला, "तीळ ठीक आहे. उरलेल्या तिन्हींत फरक एक षष्ठांशानं जास्त येतोय. एकाच जातीची तेलं, आणि तीळ एकटाच निराळा? लेका, हे होणार नाही."

"मग?"

"प्रसरण चुकलंय. सूत्रात त्याचा वर्ग असतो, आठ टक्क्यांची चूक दुपटीनं दिसते. ही तिन्ही मी ताप अंगात असताना केली. हात कापत होते. तेलात हवा राहिली असणार. बारीक बुडबुडा राहिला तरी तो तेलापेक्षा कितीतरी जास्त फुगतो आणि प्रसरण उगाच मोठं दिसतं." त्यानं वही मिटली. "प्रबंध राहिला तरी चालेल रे. पण मी मोजलेलं खोटं निघालं तर माझ्यामागं काय राहिलं?"

माझ्या मनात तेव्हाच काहीतरी खुपलं. तीन तेलं चुकतात, आणि नेमकी माझे आकडे लावलेली तीन. पण माझा स्फटिक चुकत नाही याचा मला भलता ताठा होता. मी म्हणालो, "हवाच राहिली असेल."

त्यानं ते काचेचे फुगे, शेगडीवरचं पाण्याचं भांडं आणि हवा काढायचा हातपंप मागितला. पुढच्या आठवड्यात मी ते सगळं भुशात बांधून गाडीनं नेलं आणि पडवीत मांडून दिलं. फुग्यात तेल भरायचं, पंपानं वरची हवा ओढायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. करडईचं तेल चिकट, तासभर तरी दांडा ओढावा लागे. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरांनी त्यांना हात वर करायलासुद्धा मनाई केलीय."

"हळूहळू करील तो," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत, घोरावाडीला गाडी थांबली असताना, मला सगळं स्वच्छ दिसलं. खिडकीच्या काचेवर बोटानं आकडेमोड केली. एक षष्ठांश! नेमकी तेवढीच दुरुस्ती. त्याचं प्रसरण मुळीच चुकलं नव्हतं. मला तिथंच उतरून उलटी गाडी धरता आली असती, निदान घरी जाऊन एक कार्ड टाकता आलं असतं. मी ठरवलं, असलं पत्रात लिहू नये, येत्या रविवारी समक्ष सांगू. त्या रविवारी परीक्षांचे पेपर होते. पुढच्या रविवारी काय होतं ते मला आज आठवतसुद्धा नाही. खरं कारण एवढंच की मला लाज वाटत होती.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं. "तिन्ही पुन्हा केली. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत पहिल्यासारखीच. म्हणजे हात आताही तसेच चुकताहेत. तिसऱ्यांदा करतो."

मी मिळेल त्या गाडीनं गेलो. फाटकातच मावशी भेटली.

"भाऊ, लय बरं झालं आलात. साहेब आयकत न्हाईत. दुपारभर त्यो पंप वडत्यात, मग ढास लागती. काल लय रगत पडलं. तुमीच सांगा त्यास्नी, आमचं कुटं आयकत्यात?"

पंपाचा आवाज फाटकापर्यंत येत होता. एक ओढ, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी ओढ. मी धावत पडवीत गेलो आणि त्याच्या हातातून दांडा हिसकावून घेतला. बसायच्या आधीच सांगून टाकलं. माझी संकोच्यता ध्वनीची आहे, कार्डावर लिहायचं राहिलं, तुझ्या प्रसरणात काहीही चूक नाही.

केव्हा कळलं, हे त्यानं विचारलं नाही. मी भीत होतो ते त्याच प्रश्नाला. त्यानं वही ओढली आणि प्रत्येक आकड्यात दुरुस्ती मिळवली: प्रसरणाचा वर्ग, तापमान, आकारमान, भागिले दाब कायम ठेवून लागणारी उष्णता. तिन्ही तेलं तिळाशेजारी येऊन बसली. मग तो दोन्ही हात पालथे-उताणे करून त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे माझे हात बरोबर होते," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

तो हसला. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर त्यापूर्वी पाहिला नव्हता, आणि तो मला सहन झाला नाही. मी बागेत जाऊन उभा राहिलो.

फेब्रुवारीत तो गेला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघाला नसताच. मी तेवढ्या वाक्याला धरून पुष्कळ वर्षं काढली. पण ऐन उन्हाळ्याला तेव्हा दोन महिने होते, आणि त्यातला एकेक दिवस मी मनात मोजलेला आहे. प्रबंध मी नीट उतरवून दिला आणि तो मान्य झाला. कोष्टकाखाली संकोच्यता कोणती ते मी स्पष्ट लिहिलं. अजूनही घरात कोणी सायकलीत हवा भरायला घेतली की मी उठून बाहेर जातो. दोन ओढींच्या मधे मला त्याचा श्वास ऐकू येतो. घरच्यांना मी आवाजाचा त्रास होतो असं सांगून ठेवलंय.

वहिनी पुढं वडगावला शिक्षिका झाल्या. चार-पाच वर्षांनी तिथल्या स्टेशनावर भेटल्या. हातात मुलींच्या वह्यांचा गठ्ठा होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. गाडीला सिग्नल पडला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? शास्त्रातलं मला कळत नाही. पण शेवटी ते पंप ओढत होते, त्याची त्या प्रबंधाला गरज होती ना? फुकट नाही ना गेलं ते?"

"गरज होती," मी म्हणालो. "त्यावाचून पुरा झालाच नसता."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "मग बरं. मला वाटायचं, मी त्यांना अडवायला हवं होतं."