दोन थरांतला कापूस

वडिलांच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात मी काउंटरवर बसायचे आणि माझी वर्गमैत्रीण त्यांच्याबरोबर कामावर जायची. डिप्लोमा दोघींनी एकाच बाकावर बसून केला होता. ती साक्रीची, बोलकी. वडिलांना ती नाना म्हणायची. दुसऱ्याची मुलगी शिडी चढलेली त्यांना चालायची, स्वतःची नाही. संध्याकाळी ती दोघं धुळीने माखून, हसत परत आली की मी बिलं नीट लावत बसायचे.

मार्चमध्ये जळगावबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमधून तक्रार आली: ऑफिसचा स्प्लिट एसी सुरू होतानाच ब्रेकर पाडतो. मीही येते म्हणाले. मला शिडी धरायला मिळाली.

बाहेरचं युनिट भिंतीवर उंच होतं. कॉम्प्रेसर नुसता घुमत होता, फिरत नव्हता. तिने फुगलेला कपॅसिटर काढून नवा लावला, कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला. वडील शाब्बास म्हणाले. मी शिडी आणखी घट्ट धरली.

पण नंतर मीटरवर करंट हळूहळू चढत गेला आणि कॉम्प्रेसर तापून थांबला. तिने वीज बंद केली, वायरी सोडवून मोजलं. कॉम्प्रेसरच्या कॉमन टोकापासून रन आणि स्टार्ट ही दोन्ही टोकं मीटर तुटलेली दाखवत होता.

"नाना, वाइंडिंग गयी शे."

आतली तारेची गुंडाळी जळाली म्हणजे नवा कॉम्प्रेसर लागेल, हे मॅनेजरला सांगायला वडील वळले.

"रन आणि स्टार्टच्या मध्ये बघितलंस?" मी विचारलं.

तिने बघितलं. तिथे रेझिस्टन्स बरोबर येत होता. तार कुठे बॉडीला टेकलेलीही नव्हती. म्हणजे वाइंडिंग शाबूत होतं. उष्णतेने आतला ओव्हरलोडचा संरक्षक स्विच उघडला होता, निवल्यावर तो पुन्हा जुळणार होता.

"मग तापला कशाने?" वडिलांनी विचारलं. मान वर करून, तिला.

ती म्हणाली, कंडेन्सरची जाळी तर स्वच्छ आहे. शेजारी उभा असलेला जिनिंगचा फिटर अभिमानाने सांगू लागला, मशीनचा कापूस उडवतो त्याच हवेच्या पाइपाने आम्ही हीसुद्धा बाहेरून रोज उडवतो.

"मी चढते," मी म्हणाले.

वडिलांनी ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे दोन कारकून उभे होते. तोवर मैत्रीण खाली उतरून माझ्या हातात पेचकस देऊन मोकळी झाली होती.

कव्हर उघडून मी कंडेन्सरचे दोन थर जरा फाकवले. मध्ये गादीसारखा कापूस दाबून बसला होता. रोजच्या हवेने तो आत ढकलला होता. निघेल तेवढा हाताने ओढला, मग आतून बाहेर पाणी मारलं. कपॅसिटर बदलताना तिने काढलेले स्क्रू एका डबीत मापाप्रमाणे वेगळे ठेवलेले होते. तेसुद्धा मला सलले.

सगळं वाळून कॉम्प्रेसर निवल्यावर पुन्हा चालू केलं. करंट चढून एका जागी थांबला. बराच वेळ पाहिलं, हलला नाही.

"किती?" खालून वडिलांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. तेवढ्यात शिडी धरून ती काहीतरी बोलली आणि ते हसले. मला आकडा पुन्हा, मोठ्याने सांगावा लागला.