स्थिर सेकंदांचा भाव

मुंबईतल्या स्टुडिओतली नोकरी सोडून मी नाशिकला परत आले तेव्हा मला अ‍ॅनिमेशन येत होतं, त्याचा भाव सांगता येत नव्हता. नोकरीत पगार महिन्याला जमा व्हायचा. माझ्या एका शॉटचे स्टुडिओ गिऱ्हाइकाकडून किती घेतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. इंदिरानगरातल्या घरी मागच्या खोलीत टेबल मांडलं आणि पहिलं काम आलं ते बाबांच्या ओळखीतून. ओळख होती म्हणून काम मिळालं, असं बाबा म्हणतात. ओळख होती म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला, असं माझं मत आहे.

बाबांचे हे स्नेही म्हणजे अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. ट्रॅक्टरमागे जोडून द्राक्षबागेत औषध फवारायचे ब्लोअर ते बनवतात. नव्या मशीनची एक मिनिटाची फिल्म त्यांना हवी होती, विक्रेत्यांना पाठवायला आणि कृषी प्रदर्शनात लावायला. अ‍ॅनिमेशन सेकंदावर विकलं जातं, हे त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. फोनवर पहिलाच प्रश्न आला, सेकंदाला काय घेतेस?

मी पुण्यातल्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, ते कामावर अवलंबून आहे, आधी काम काय ते बघ. उत्तर बरोबर होतं, पण त्यात आकडा नव्हता, म्हणून मला ते निरुपयोगी वाटलं. मी चारशे सांगून टाकले. चारशेच का, हे आजही सांगता येणार नाही. पाचशे म्हणायला लाज वाटली, इतकंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांच्या केबिनमध्ये बसलो. काकांनी मोबाइलवर स्टुडिओत बनलेली माझी जुनी फिल्म लावली आणि मन लावून पाहिली. मला वाटलं, रंगांबद्दल काही बोलतील. त्यांनी फिल्म मध्येच थांबवली आणि म्हणाले, "इथं हा माणूस नुसता उभा आहे. काही हलत नाही. या सेकंदाचे पण चारशे?"

मी सांगायचा प्रयत्न केला की बघणाऱ्याला चित्र समजायला तेवढा वेळ लागतो, तो थांबा जाणूनबुजून ठेवलेला असतो, आणि तो किती ठेवायचा हेच आमचं शिक्षण. काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी स्थिर सेकंद बाजूला काढले, शेवटी नुसता लोगो दिसतो ते काढले, आणि निवेदकाला जरा भरभर बोलायला सांग म्हणाले. फिल्म चाळीस सेकंदांवर आली. मजकुरातला एक शब्दही कमी झाला नाही. मशीन तेच, शेतकरी तोच, बागही तीच. म्हणजे चित्रं काढायचं, त्यांना सांधे जोडून हलवण्याजोगं करायचं काम जसंच्या तसं राहिलं, फक्त त्याचे पैसे एकतृतीयांशाने घटले. मी घरी येऊन त्यांना मेसेज केला: चाळीस सेकंद, सेकंदाला चारशे, बदल करून देईन. शेवटचे तीन शब्द त्यांनी मागितलेले नव्हते. ते मी चांगलं दिसावं म्हणून घातले.

निवेदन रेकॉर्ड झालं आणि ऐकलं, तर कांद्याच्या लिलावात उभं असल्यासारखं वाटत होतं. काकांनाही ते पटेना. पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरलं. निवेदक म्हणाला की मजकूर तोच असला तरी वेग तुम्ही ठरवला होता, चूक माझी नाही, तेव्हा निम्मे पैसे पुन्हा पडतील. हे तो इतक्या सहज बोलला की मी ते लगेच कबूल केलं आणि पैसे माझ्या खिशातून दिले. आपल्यालाही असं बोलता येईल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. संथ आवाजात, एक-दोन थांबे परत घालून, फिल्म बावन्न सेकंदांची झाली. वरचे बारा सेकंद काकांच्या मते ठरलेल्या भावात बसत नव्हते, कारण ठरलं होतं चाळीस. सेकंद कमी होताना पैसे कमी झाले होते. वाढताना मात्र घरचं काम होतं.

मग बदल सुरू झाले. काकांची सून कारखान्याची जाहिरात आणि हिशेब पाहायची. तीच मला निरोप द्यायची, प्रत्येक वेळी आधी माफी मागून. शेतकऱ्याची मिशी बारीक करा. ट्रॅक्टरचा लाल रंग बदला, दुसऱ्या रंगाचे ट्रॅक्टर विकणारे नाराज होतील. फवारा पानाच्या खालच्या बाजूलाही पोचताना दाखवा. हा बदल खरंच योग्य होता, तो स्टोरीबोर्डवर सांगितला असता तर एक रेघ पुसून झाला असता. स्टोरीबोर्ड, म्हणजे सगळी फिल्म चौकटींत काढून दाखवलेला आराखडा, मी पाठवला होता. त्यावर मोबाइलवर काकांचा अंगठ्याचा इमोजी आला होता. अंगठ्याचा अर्थ मी मंजूर असा घेतला. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ मिळालं एवढाच होता.

फिल्म जवळपास पूर्ण झाली आणि निरोप आला की मशीनला आता आठऐवजी दहा नोझल, म्हणजे फवाऱ्याच्या तोट्या, आहेत. फक्त दोन नोझल वाढवायचे. मशीन अकरा शॉटमध्ये होतं आणि प्रत्येक नोझलचा फवारा वेगळा हलत होता. हे फोनवर समजणार नाही म्हणून मी अंबडला गेले.

केबिनमध्ये काकांसमोर दिंडोरीकडचे एक बागायतदार बसले होते. त्यांनी ब्लोअर बुक केला होता, तो रंगवून बाहेर उभा होता, आणि आता त्यांनाही दोन नोझल जास्त हवे होते. काकांनी त्यांना अतिशय शांतपणे समजावलं. दोन नोझल म्हणजे नुसते दोन नोझल नाहीत. पंपाचा दाब कमी पडेल, म्हणजे पंप बदला. पाइप नव्याने काढा, रंग खरवडा, पुन्हा मारा. ऑर्डर देताना सांगितलं असतं तर काही नव्हतं, आता वेगळे पैसे लागतील. बागायतदारांनी थोडी घासाघीस केली आणि पैसे कबूल करून चहा घेऊन गेले.

मला वाटलं, माझं बोलणं आता काकांनीच बोलून टाकलं आहे. मी म्हटलं, "काका, माझंही अगदी हेच आहे."

काका प्रेमाने हसले. "अगं, ते लोखंड आहे. तुझं कम्प्युटरवरचं. तुझा काय रंग खरवडायचाय?"

मी बाहेर आले. सून गेटपर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, पप्पांना तोंडी सांगू नका. कोटेशन द्या. कागदावर असेल तर ते मानतात."

घरी येऊन मी जे पहिल्या फोनआधी करायला हवं होतं ते केलं. कामाचे टप्पे मांडले आणि प्रत्येकाला किती दिवस लागले ते आठवून लिहिलं. मजकूर, स्टोरीबोर्ड, चित्रं, कच्च्या चित्रांवर आवाज बसवून लांबी ठरवणं, प्रत्यक्ष हालचाल, आवाज, बदल. निम्म्याहून जास्त दिवस पडद्यावर एकही सेकंद तयार होण्याआधीच गेले होते, आणि ते फिल्म तीस सेकंदांची असो की साठ, साधारण तेवढेच गेले असते. दिवसाची मजुरी धरून, निवेदक आणि संगीताचा परवाना वेगळा धरून आकडा काढला, तर माझा चारशेचा भाव खर्चापाशीही पोचत नव्हता. सेकंदाचा भाव चुकीचा नसतो, पण तो आधी काम पाहून, दिवस मोजून शेवटी काढायचा असतो. मी तो सुरुवातीला बोलून बसले होते.

कोटेशन बनवलं ते पूर्ण कामाच्या एकाच रकमेचं. त्यात लिहिलं की स्टोरीबोर्ड आणि चित्रांवर प्रत्येकी दोन वेळा बदल रकमेत धरले आहेत, हालचाल झाल्यावर एकदा. सगळ्यांच्या सूचना एकत्र, एकाच माणसाकडून याव्यात. लेखी मंजुरीनंतर मशीन किंवा मजकूर बदलला तर दिवसाच्या दराने वेगळे पैसे. निम्मी रक्कम आधी, उरलेली अंतिम फाइल देण्याआधी, तोवर पाहण्याच्या प्रतीवर माझं नाव आडवं छापलेलं राहील. एक आडवी फिल्म, एक मोबाइलसाठी उभी. ज्या मूळ फाइलमध्ये सगळं बदलता येतं, ती यात नाही.

हातातल्या फिल्मचं ठरलेलं मी मोडलं नाही. चाळीस सेकंदांचेच पैसे, मिशी, रंग आणि पानाखालचा फवारा फुकट. दोन नोझल मात्र या कोटेशनप्रमाणे, आणि पुढच्या मशीनची फिल्मही त्याच अटींवर, असं अंबडला जाऊन काकांना सांगितलं आणि कागद पुढे ठेवला.

काकांनी तो चष्मा लावून वाचला. आश्चर्य म्हणजे त्यांना तो आवडला. मुदत का लिहिली नाहीस, म्हणाले, आणि स्वतःच्या पेनने 'पंधरा दिवस वैध' असं लिहिलं. रक्कम दहा टक्के खाली आणली. मी ती आधीच थोडी वर धरली होती. तेवढं मी त्यांच्याकडूनच शिकले होते. मग शेवटच्या अटीवर बोट ठेवलं. "पैसे मी दिले तर मूळ फाइल माझी नको का?"

"तुम्ही ब्लोअर विकता," मी म्हटलं, "सोबत मशीनचं ड्रॉइंग देता?"

लोखंडाचं उदाहरण लागू पडलं नव्हतं, हे पडलं. "ड्रॉइंग कोण देतं," ते म्हणाले आणि सही केली. नोझलचे पैसे त्याच संध्याकाळी आले.

प्रदर्शनात मी त्यांच्या स्टॉलवर गेले. शेजारी एका ट्रॅक्टरवाल्याने एवढ्या मोठ्याने गाणी लावली होती की आमच्या टीव्हीचा आवाज बंदच ठेवला होता. दोनदा पैसे देऊन केलेलं निवेदन कोणालाच ऐकू येत नव्हतं. फवारा मात्र पानाखाली नीट पोचत होता, आणि लोक त्याच जागी थांबून बघत होते, जिथे मी चित्र जरा थांबवलं होतं. पडद्यावर अक्षरं टाकून दे, काका म्हणाले. मी म्हटलं, एका दिवसाचं काम आहे, दर कोटेशनमध्ये आहे. त्यांनी सुनेकडे बघून मान डोलावली.

महिन्याभराने त्यांनी आपल्या एका मित्राला माझा नंबर दिला. मित्र ठिबकच्या नळ्या बनवतात. त्यांनी फोनवर सांगितलं की काका म्हणाले, पोरगी महाग आहे, पण हिशेबाला चोख. आणि काय बदल करायचे असतील ते आधीच सांगा, नंतर ती रंग खरवडायचे पैसे लावते.