फुग्याखालचा हूक

मला त्या हसऱ्या कामगारांची किळस येते. खऱ्या कामगारांची नव्हे. खरा माणूस दुपारी दोनला पत्र्याच्या छपरावर हसत नाही. आमच्या जाहिरात एजन्सीच्या कॉम्प्युटरमधून निघतात त्यांची. सगळे छातीपर्यंत, सगळे मधोमध, सगळ्यांचे दात बाहेर, हेल्मेटवर एक ओरखडा नाही. आमचा तरुण मालक गौरांग चित्र काढणाऱ्या एआयला प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे सूचनेत, लिहायचा, ‘कामगार सुरक्षेवर कॉमिकचं सुंदर पान, सिनेमॅटिक’, आणि हे ध्यान समोर यायचं. चार चौकटी, चारींत तोच चेहरा, तेवढ्याच अंतरावरून. त्यावर बोलण्याचे फुगे चिकटवून मराठी मजकूर बसवायचं काम माझं. जागा कुठेच नसायची, मग मी फुगा कुणाच्या तरी कपाळावर मारायचो आणि घरी जायचो.

मग दोन वर्षांपूर्वी माया गजभिये आल्या. नंदनवन वस्तीत मुलांचे चित्रकलेचे क्लास घ्यायच्या. नवरा बाबाराव पत्रे बसवायचा. एका गोदामाच्या छपरावरून पडला, कंबर गेली, आणि घर चालवायला मायाताई आमच्याकडे प्रॉम्प्ट लिहायला लागल्या. पहिल्याच दिवशी गौरांगची पानं बघून त्या म्हणाल्या, “हे काय पासपोर्टचे फोटो लावून राहिले का?” मला त्या तिथेच आवडल्या.

त्यांची पद्धत अशी. आधी रद्दी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, माणसांच्या जागी नुसते अंडाकृती गोळे, आणि प्रत्येक चौकटीत सर्वांत आधी फुग्याची जागा. चित्र नंतर. मग मला विचारायच्या, “कृष्णकांतभाऊ, ह्या वाक्याले किती ओळी लागतीन?” मराठीला जागा जास्त लागते, वर वेलांट्या, खाली उकार, ओळी जवळ आणल्या की एकमेकींत घुसतात. मी सांगेन त्याहून त्या थोडी जास्तच जागा सोडायच्या.

गेल्या मार्चमध्ये एका ठेकेदाराचं काम आलं. शहराबाहेर मोठं गोदाम बांधत होते, त्याच्या फाटकावर उंचीवरच्या कामाचं एक पानी कॉमिक लावायचं होतं. विषय एकच. सेफ्टी बेल्टला दोन दोऱ्या असतात, दोन हूक. पुढे सरकताना दुसरा हूक छपरावरच्या आडव्या दोरीत पुढे अडकवायचा, मगच पहिला सोडायचा. एक क्षणही दोन्ही मोकळे नकोत. बाबारावांनी हेच उलटं केलं होतं. मायाताईंनी ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण ते पान त्यांनी आठ दिवस सोडलं नाही.

त्यांचा प्रॉम्प्ट मी जपून ठेवलाय. ‘पानात नेमक्या चार चौकटी, तीन ओळींत. पहिली ओळ, एकच रुंद चौकट: दुरून गोदामाचं छप्पर, माणूस बोटाएवढा, खालची जमीन दिसली पाहिजे, डावीकडे वरचा तिसरा भाग मोकळं आकाश. दुसरी ओळ, दोन चौकटी: एकीत दोघे कमरेपर्यंत, आधी बोलणारा डावीकडे, डोक्यांवर मोकळी जागा, दुसरीत म्हाताऱ्या मिस्तरीचा चेहरा, जवळून, उजवीकडे मोकळं. तिसरी ओळ, एकच चौकट, अगदी जवळून: फक्त दोन हात. उजवीकडचा हूक दोरीत पक्का अडकलेला, डावीकडचा हात पहिला हूक उघडतोय. इथे फुगा नाही. पानात कुठेही अक्षरं नकोत.’ आणि प्रत्येक चौकटीत त्या मिस्तरीचं वर्णन पुन्हा: पिवळं हेल्मेट, निळा चौकड्यांचा शर्ट, जाड मिशी. एकदा सांगून भागत नाही, तिसऱ्या चौकटीत मिशी उडते.

मशीनने कधी पाच चौकटी दिल्या, कधी सहा बोटं. शेवटी त्यांनी हातांची चौकट वेगळी काढून पानात बसवली.

“शेवटी शब्द काहून नाही?” मी विचारलं.

“छपरावर कोण वाचते गा? हात पाह्यला की समजलं पाह्यजे.”

मग मायाताई नवऱ्याला तपासायला घेऊन गेल्या, त्या एका दिवसात आम्ही घाण केली. ठेकेदाराच्या अधिकाऱ्याने निरोप पाठवला की नियमाचं वाक्य पानावर पाहिजेच: ‘पहिला हूक सोडण्यापूर्वी दुसरा हूक सुरक्षा दोरीस जोडलेला असल्याची खात्री करावी.’ असं माणसं कधी बोलतात? मी ते वरच्या आकाशात बसवून पाहिलं, मावेना. गौरांग खुर्चीवर रेलून म्हणाला, “शेवटच्या फ्रेममध्ये टाका ना. तिथे फुगाच नाहीये. उजवा हात झाकला तर काय बिघडतं? एक हात दिसतोय की.”

मला दिसत होतं. पन्नास वर्षांच्या माणसाला दिसत नाही असं नसतं. तरी मी उजव्या हातावर पांढराशुभ्र फुगा बसवला, अक्षरं छान मधोमध केली आणि फाइल छपाईला सोडली. साडेसहाची वेळ होती, मला घरी जायचं होतं. कारण एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन खात होतं म्हणून छोटी प्रत घेऊन मायाताईंच्या घरी गेलो. त्या आत चहा टाकत होत्या. बाबाराव पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांना वाचता बेताचंच येतं. त्यांनी प्रत हातात घेतली, वरून खाली बोट फिरवलं आणि शेवटच्या चौकटीवर थांबले.

“हा हूक सोडून राहिला,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “दुसरा अडकवलाय. फुग्याच्या खाली आहे.”

“मले तर सोडतानाच दिसून राहिला.” त्यांनी प्रत डोळ्यांजवळ नेली. “माया, वं माया. तू माह्यंच चित्र काढलं का?”

मायाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी प्रत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “हे तुमी लावलं?” एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. मला स्वतःची शिसारी आली.

मायाताईंनी गौरांगला फोन केला तर तो म्हणाला, फ्लेक्स रात्रीच लागलाय, अधिकारी खूश आहे, आता विषय वाढवू नका. त्यांनी फोन ठेवला आणि ऑफिसला येऊन, गौरांगसमोर, विनाफुग्याची हातांची चौकट फ्लेक्सच्या मापात चिकटकागदावर छापायला लावली. छपाईचं मशीन मी चालवलं.

दुपारी गोदामाच्या फाटकाशी पोचलो. सहा फुटी फ्लेक्स, खाली माझा फुगा, सगळ्या पानात सगळ्यात ठळक तोच. मायाताई गुडघ्यांवर बसल्या आणि मी धरलेला कागद कोपऱ्यापासून चिकटवत नेला. बुडबुडे राहू नयेत म्हणून पदराने दाबत गेल्या.

सुपरवायझर धावत आला. “अवो बाई, नियम झाकला ना तुमी! ते वाक्य कुठं गेलं?”

जेवणाची सुट्टी संपत होती. एक पत्रेवाला डबा धुवून फाटकातून आत चालला होता, कमरेला बेल्ट, दोन्ही हूक लोंबत. मायाताईंनी त्याला थांबवलं. “दादा, हे पाहून सांगा, काय करून राहिला हा?”

तो वाकला. “हा अडकवला,” उजवीकडे बोट ठेवून म्हणाला, “अन् मंग हा सोडून राहिला.”

“वाचलं का तुमी?”

“यात वाचाले हाये काय?”

सुपरवायझर बाजूला सरला. मायाताई उठल्या, गुडघ्यांवरची माती झटकली आणि माझ्या हातातून कागदाचं उरलेलं वेटोळं घेतलं. परतताना घराजवळ रिक्षातून उतरल्यावर म्हणाल्या, “उद्या ह्या हातांचा एक कागद आणा, बिनफुग्याचा. ह्यांले दाखवाचा हाये.”