तळाची ओळ

इस्पितळाच्या कपडेघरात इस्त्री करणाऱ्या मावशीला मी वीस वर्षं ओळखते, आणि या वीस वर्षांत तिला बसलेली मी फार तर सहा-सात वेळा पाहिली असेन. तेही आमच्या कार्यालयात, खुर्चीच्या टोकावर. चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी फडकी, दिवसाला तीनशेच्या आसपास नग, सगळे उभ्यानं. गुडघेदुखी तिच्या पाचवीलाच पुजलेली.

आमचं कार्यालय इस्पितळाच्या समोरच, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत. लोकांना म्युच्युअल फंडात दरमहा हप्ता लावून देणं हा धंदा. साहेब बोलायचे आणि मी कागद रंगवायची. आता साहेब मुलाकडे राहायला गेलेत आणि बोलणंही माझ्याच गळ्यात पडलंय. मला ते जमत नाही, आवडतही नाही.

मावशी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला होता. "मला महिन्याला पाच हजार बसल्या जागी यायला हवेत. कधी येतील?"

भाडं आणि गोळ्या, एवढाच तिचा खर्च होता. साहेबांनी हिशेब मांडला. बँकेत दहा लाख ठेवले आणि वर्षाला सहा टक्के मिळाले तर महिन्याला पाच हजार. दहा लाख कसे जमायचे? साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. महिन्याला हजार. पहिला रकाना वर्षाचा, दुसरा भरलेल्या पैशांचा, तिसरा गृहीत परताव्याचा, बारा टक्के, आणि चौथा साठलेल्या रकमेचा. पहिल्या वर्षी भरले बारा हजार, साठले बारा हजार आठशे नऊ. दहाव्या वर्षी भरले एक लाख वीस हजार, साठले दोन लाख बत्तीस हजार. विसाव्या वर्षी भरलेले फक्त दोन लाख चाळीस हजार, आणि साठलेले नऊ लाख नव्याण्णव हजार एकशे अठ्ठेचाळीस.

"थेंबे थेंबे तळे साचे," साहेब म्हणाले. ते प्रत्येकालाच म्हणायचे.

"शेवटी शेवटी तर एका वर्षात सव्वा लाख वाढतात?" मावशीनं बोट ठेवून विचारलं.

"भरलेले बारा हजारच. बाकी जुन्या पैशांवर चढलेलं."

ती हसली. "म्हणजे म्हातारपणी पैसाच काम करतो, माणूस नाही."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. तिला घरी न्यायला मी तक्त्याची झेरॉक्स काढून दिली.

मावशीनं तो कागद कपडेघरातल्या तिच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. वर्ष संपलं की लाल पेन्सिलीनं त्या ओळीवर बरोबरची खूण. खात्याचं खरं विवरण दर वर्षी टपालानं यायचं, ते ती न फोडता उशीच्या एका जुन्या अभ्र्यात टाकायची. मी वर्षातून एकदा फोन करायची. "मावशी, येऊन आकडा बघून जा." "हप्ता जातोय ना? मग झालं," म्हणून ती फोन ठेवायची. मीही त्या वर्षी दुसऱ्यांदा फोन करायची नाही. सव्वाशे गिऱ्हाइकं, कोणाकोणाच्या मागे लागायचं? हे मी स्वतःला सांगायची. आळशाला कारणं पुष्कळ.

गेल्या महिन्यात ती आली. कपाटाच्या दारावरून तक्ता अलगद सोडवून आणला होता, चारही कोपऱ्यांना पिवळ्या चिकटपट्ट्या. वीस ओळी, वीस लाल खुणा.

"झालं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच खुर्चीत पाठ टेकून बसली. "काल मुकादमाला सांगून टाकलं, पंधरा दिवसांनंतर येणार नाही. काढ पैसे. बँकेत टाकू."

मी संगणकावर तिचं खातं उघडलं. आकडा मला ठाऊक होता. तरी पडद्याकडे उगाच जास्त वेळ बघत बसले.

"मावशी, सात लाख चौतीस हजार आहेत."

"खाली बघ. खाली दहा लाख आहेत."

"ते तक्त्यात. खात्यात एवढेच आहेत." मी समजावलं. बाजारानं वीस वर्षांत सरासरी बाराऐवजी दहाच्या आसपास दिले. दोन टक्क्यांचा फरक ऐकायला चिमूटभर, पण वीस वर्षं साचत गेला की दोन लाखांवर जातो. शिवाय पगार उशिरा झाला तेव्हा तिच्या बँकेच्या खात्यात शिल्लक नव्हती, असे वेगवेगळ्या वर्षांतले नऊ हप्ते चुकले होते. खुणा मात्र त्या वर्षांवरही होत्या. मावशीनं वर्षं मोजली होती, पैसे नाहीत.

तिनं लाल खुणांवरून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "भरवशाच्या म्हशीला टोणगा. या पैशांवर महिन्याला किती येतील?"

"तीन हजार सहाशे सत्तर."

"आणि दहा लाख व्हायला?"

"दहा टक्के मिळाले तर आणखी पावणेतीन वर्षं. सहाच मिळाले तर चार वर्षांच्या वर. कमी मिळाले तर सांगता येत नाही."

तिनं वाकून गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं, ओरडावं तिनं. माझ्यावर, साहेबांवर, कोणावरही. ओरडणारं गिऱ्हाईक मला परवडतं.

मी कपाटातून मूळ तक्ता काढला. तो लांब कागदावर छापलेला होता. आमचं झेरॉक्स यंत्र मात्र छोटा कागद घ्यायचं. आकडे सगळे यायचे, विसाव्या वर्षाची ओळही पूर्ण यायची, म्हणून आम्ही तसंच चालवलं. कापली जायची ती तळाची बारीक ओळ. मी ती तिला वाचून दाखवली. "परतावा गृहीत धरलेला आहे, प्रत्यक्ष रक्कम कमी किंवा जास्त होऊ शकते, हमी नाही."

"ही तुमच्या कागदावर नाही," मी म्हटलं. "मला तेव्हाच दिसलं होतं. दुसरी प्रत काढायचा कंटाळा केला. माझं चुकलं, मावशी."

वीस वर्षांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगून हलकं वाटेल असा समज होता. तसं काही वाटलं नाही.

मावशीनं दोन्ही कागद एकाखाली एक धरले, मग स्वतःचा घडी करून पिशवीत ठेवला. "मुकादमाला सांगते, राहते म्हणून. फाटक्या चादरी शिवायचं काम बसून आहे. नगावर पैसे देतात. वरचे तेराशे निघाले तर बघू. नाही निघाले तर आहेच इस्त्री."

"नवीन तक्ता करून देऊ? सहा, आठ आणि दहा, तिन्ही टक्क्यांचा?"

"दे. पण साठलेल्या रकमेशेजारी एक रकाना कोरा ठेव. खरा आकडा मी लिहीन. दर वर्षी येईन इथं."

मी तक्ता केला. मूळ तक्त्यासारख्या लांब कागदावरच छापला, तळाची ओळ ठळक केली. तिनं ती बोटानं चाचपून पाहिली. उठताना खुर्चीच्या हाताला धरून दोनदा प्रयत्न करावा लागला. मी पुढे झाले तर तिनं हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

दारात थांबून ती म्हणाली, "तळाची ओळ असती ना, तरी मी वाचली नसती. मला शेवटचा आकडाच दिसत होता." मग चप्पल पायात सरकवत, अगदी साध्या आवाजात, "पण तू वाचली होतीस."