मॅनेजरच्या आधी तिला

माझी थोरली बहीण एका कंपनीच्या तक्रार विभागात काम करते. दिवसभर कानाला हेडफोन, पलीकडे कुणीतरी चिडलेलं. घरी आली की आम्हाला तिचा आवाज उरलेला मिळतो.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक कुरळ्या केसांची मुलगी होती. ताई तिला कुरळीच म्हणते. तिला काम ताईनेच शिकवलं. पुढे कुरळी प्रशिक्षण विभागात गेली आणि नव्यांना शिकवू लागली; ताई त्याच खुर्चीवर राहिली. त्या दिवसापासून आमच्या घरात कुरळीच्या नव्या पर्सबद्दलही बोलायची सोय राहिली नाही.

मग त्याच विभागात आणखी एक जागा निघाली.

"मॅनेजरला कळलं आणि जागा मिळाली नाही, तर मला तिथेच त्याच्यासमोर बसायचंय," ताई म्हणाली. म्हणून तिने अर्ज भरला नाही. आधी कंपनीतल्याच भरती बघणाऱ्या बाईंना लिहिलं. पहिल्या मसुद्यात कुरळी तीनदा आली होती.

"तिला काढ," मी म्हटलं.

"तुला काय जातंय!" म्हणत तिने काढली. उरलं ते एवढंच: 'प्रशिक्षण विभागातल्या जागेबद्दल अर्जाआधी बोलायचं आहे. मॅनेजरांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना कोणत्या टप्प्यावर कळतं, ते आधी समजेल का? कृपया माझ्या स्वतःच्या नंबरवर फोन करा. माझं ऑफिसचं कॅलेंडर त्यांना दिसतं.'

बाईंचा फोन आला. बोलणं आपल्यातच राहील, म्हणाल्या. पण अर्ज भरला की मॅनेजरला आपोआप मेल जातो, त्याआधी त्यांना तुम्हीच सांगा. अर्ज करण्यात अर्थ आहे का, ते आधी बघू. तुमचं काम जवळून पाहिलेलं, पण आता तुमच्या टीममध्ये नसलेलं कुणी आहे का?

ताईने फोन ठेवला. "आहे. एकच. नेमकी तीच भवानी."

दोन दिवस ती धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी जिन्यात कुरळीला गाठलं.

"ताई! मला वाटलं, तुम्ही बोलतच नाही माझ्याशी."

"कामात होते."

"इतके महिने?"

ताईने सगळं सांगितलं. "अजून कुणाला माहीत नाही. तोंड उघडू नकोस."

"बाईंपुढे तरी उघडू ना?" कुरळी हसली. "काय सांगू? पहिल्या आठवड्यात मला रडवलंत, ते?"

"ते कशाला! बाकीचं सांग."

बाईंचा पुन्हा फोन आला: अर्ज करा, मुलाखत नक्की होईल. ताई आधी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आली, मगच तिने अर्ज भरला. त्याचं तोंड वाकडं झालं, पण त्याने अडवलं नाही.

संध्याकाळी मी विचारलं, "कुरळी काय बोलली गं तुझ्याबद्दल?"

"बाईंना म्हणाली, 'मला सगळं ताईंनीच शिकवलं.'" ताईने पायातली चप्पल भिरकावली. "इतकं चांगलं वागायची काही गरज होती का तिला?"