पायऱ्या नाहीत, कमोड आहे

ताईच्या घरात कमोड आहे हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते, म्हणून सगळं सांगून टाकतो.

ताई माझ्यापेक्षा मोठी. आम्ही दोघं परंदवडीत वाढलो, शेतकऱ्याच्या घरात. लग्न होऊन ती पवनानगरच्या अलीकडच्या वस्तीत गेली, मी तळेगावला नोकरीला लागलो. कंपनीत आठ तास खुर्ची तापवायची आणि रविवारी गडकिल्ले, धबधबे, घाटवाटा यांवर ब्लॉग लिहायचा, हा माझा कार्यक्रम. लिहितो बरं, असं चार मित्र म्हणायचे. तेवढ्यावर मी स्वतःला लेखक समजायला लागलो.

ताईनं घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या. खोल्या साध्या, पण स्वच्छ. दारातून बाहेर पडलं की अंगण, पुढं बांध, त्याच्या पलीकडं पवना धरणाचं पाणी. जेवण ती स्वतः करणार होती. तांदळाची भाकरी, रस्सा, घरची चटणी. तिचे सासरे, आबा, म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बघू. पाहुणं आलं तर आलं, न्हाईतर पाण्याकडचा तुकडा आणि दोन्ही खोल्या तंबूवाल्याला देऊ. पाण्याकाठी सहलीच्या लोकांसाठी तंबू ठोकणारा तो तंबूवाला महिन्यातून दोनदा येऊन जायचा. खोल्यांत त्याच्या गाद्या आणि लाऊडस्पीकर ठेवायचे आणि ताईनं त्याच्या कामाच्या पोरांना चहा-पोहे करून द्यायचे, असा त्याचा बेत होता. ताई मला एवढंच म्हणाली, "तू लिहितोस ना, मग माझ्या घराचं लिही." आयुष्यात तिनं माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

मी लिहिलं. शीर्षक दिलं, 'पवनेच्या काठी निवांत चार क्षण'. वाचूनच मला माझं कौतुक वाटलं. धुक्याचे दोन परिच्छेद, बगळ्यांचा एक, भाकरीच्या वासाचा एक. फोटोही काढला. अंगणात ताईच्या सासूबाई वॉकर धरून बसल्या होत्या. मावशी म्हणतो मी त्यांना. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या वॉकरवरच. त्यांच्यासाठी आबांनी उंबरे काढून टाकले, भिंतीला लोखंडी दांडा ठोकला, मागच्या खोल्यांत कमोड बसवला. त्या खोल्या आधी त्यांच्याच होत्या. पण फोटोत वॉकर बरा दिसेना. मी कडेचा भाग कापला. त्यात मावशी गेल्या, दांडा गेला, राहिलं ते अंगण आणि पाणी.

महिना गेला, कुणी फिरकलं नाही. ब्लॉगच्या मागच्या बाजूला एक अहवाल मिळतो. लोकांनी काय टाइप केलं, तेव्हा आपलं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, ते सगळं त्यात कळतं. माझं पान जवळजवळ कुणालाच दिसलं नव्हतं. साहजिकच होतं. 'निवांत चार क्षण' असं टाइप करून शनिवारची खोली कोण शोधतं? मी सुद्धा नाही.

मग मी इरेला पेटलो. व्हिडिओ बघितले, कुठले शब्द किती जण शोधतात त्याचे आकडे दाखवणारं एक फुकटचं साधन शोधून काढलं. शोधपट्टीत 'पवना' लिहिलं की खाली सुचवण्या येतात, लोक खरोखर काय विचारतात त्याचा तो अंदाज असतो. त्यातच एक ओळ सापडली, 'पवना धरण पाणीसाठा आज'. आकडा भरमसाट, स्पर्धा कमी. म्हटलं, घबाड मिळालं. हेच शब्द शीर्षकात घातले, पहिल्या ओळीत घातले, मधल्या मथळ्यांत घातले, रोज साठ्याची माहिती टाकायला लागलो. आणि खाली ठळक अक्षरांत, ताईकडे राहायला या, हा तिचा नंबर.

आकडे उसळले. कामशेतला मामेभावाच्या लग्नात मी पंगतीत बसून सगळ्यांना मोबाइल दाखवला. रोज इतकी माणसं वाचतात म्हणालो. आबांनाही दाखवला. आबा म्हणाले, "मंग खोल्या का रिकाम्या हायत?" मी म्हणालो, येतील हो, जरा दम धरा. केवढा हा तोरा!

ताईला मात्र फोन यायला लागले. पहाटेपासून. धरण किती भरलं, पाणी सोडलं का, आमच्याकडे कपात होणार का. चिंचवडहून कुणी, थेरगावहून कुणी, तिकडच्या नळांना ह्याच धरणाचं पाणी. एकानं तर तिला अधिकारी समजून झापलं, की आमच्या सोसायटीत दोन दिवस नळाला पाणी नाही आणि तुम्ही झोपा काढता. ताई सुरुवातीला बांधावर जाऊन पाणी बघून उत्तरं द्यायची. मग तिनं मला फोन केला. ओरडली नाही. म्हणाली, "आरं, ह्यांना खोली नकोय. ह्यांना पाणी पायजे." आणि फोन ठेवला.

बसल्या जागी माझे कान तापले. एवढी साधी गोष्ट. शब्द त्यांचेच होते, पण ते शब्द टाइप करणारा माणूस घरी बसून नळाकडे बघत होता. मी त्याला खोली विकत होतो. शब्द जुळले, गरज जुळली नाही. तेव्हा पहिल्यांदा मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. तीच ओळ शोधून पहिल्या पानावर कोण येतं ते बघितलं. सगळ्या बातम्या आणि साठ्याचे तक्ते. राहण्याच्या जागेचं एक पान नाही. तिथंच कळायला हवं होतं, पण आकडा बघितला की माझे डोळे फिरतात.

ताईचा नंबर त्या पानावरून काढला आणि जुन्या पानाकडे वळलो. तिथं मला आठवलं की खाली दोन प्रतिक्रिया आल्या होत्या. कुणी तरी विचारलं होतं, 'टॉयलेट वेस्टर्न आहे का? जिने किती?' दुसऱ्यानं विचारलं होतं, 'गाडी दारापर्यंत येते का, आईला चालवत नाही.' मी दोन्ही पुसून टाकल्या होत्या. धुक्याच्या आणि बगळ्यांच्या खाली संडास बरा दिसत नव्हता. माणसं दारात येऊन विचारत होती आणि मी त्यांना हाकलून दिलं होतं. कसला लेखक आणि कसलं काय!

इकडं मुक्कामाला येणारा माणूस जवळचं लोणावळाच शोधतो, म्हणून मग शोधपट्टीत नुसतं 'लोणावळा स्टे विथ' एवढंच लिहिलं. खाली सुचवणी आली, 'पॅरेंट्स'. पुढं 'सीनियर सिटिझन', 'ग्राउंड फ्लोअर'. मराठीत 'आई-वडिलांना घेऊन' असंही होतं. साधनात यांचे आकडे अगदी बारके होते. पण वरची पानं उघडून पाहिली तर सगळीकडे तेच, कुटुंबासाठी उत्तम, निसर्गाच्या कुशीत. पायऱ्या किती हे एकानंही लिहिलं नव्हतं. ज्याला म्हातारी आई गाडीत घालून न्यायची आहे, तो माणूस दहा पानं उघडतो आणि दहाही बंद करतो. त्याला हवं ते सगळं आबांनी मावशींसाठी केलं होतं. आणि ते सगळं मी फोटोतून कापलं होतं.

पुढच्या रविवारी कामशेतहून जीपनं ताईकडे गेलो. मापं घ्यायची होती, दाराची रुंदी, कमोडची उंची, गाडी कुठवर येते ते. मावशी अंगणात तिथंच, त्याच जागी. त्यांच्या मांडीवर नातीचा मोबाइल होता, आणि त्यात माझं पान. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"हे माझंच अंगण हाय न्हवं?"

व्हय म्हणालो.

"त्या दिशी तू फोटू काढला तवा मी हितंच बसलेली. मंग मी कुटं गेले?"

मला खोटं सुचलं होतं. कॅमेऱ्यात जागा कमी होती वगैरे. पण त्या रागावल्या असत्या तर ते बोलता आलं असतं. त्या खरंच विचारत होत्या. मी म्हणालो, "मावशी, मीच काढलं तुम्हाला." त्यांनी मान हलवली आणि वॉकरच्या रबराकडे बघत बसल्या. ताई भाकऱ्या थापत होती, तिनं वर पाहिलं नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

तिथंच बसून पान नव्यानं लिहिलं. शीर्षक, 'आई-वडिलांना घेऊन लोणावळ्याजवळ मुक्काम : तळमजला, पायऱ्या नाहीत, कमोड आहे'. धुकं काढलं, एकच बगळा ठेवला. पहिल्याच ओळीत लिहिलं की गाडी दारात येते आणि उंबरा नाही. पुढं दांडा कुठं कुठं आहे, रात्री संडासला जाताना दिवा कुठं लागतो, भाकरी मऊ मिळते का. नेमके तेच प्रश्न, जे मी पुसले होते, त्यांची उत्तरं. मावशींना विचारून नवा फोटो काढला. त्यांनी आधी केस विंचरून घेतले.

लगेच काही झालं नाही. अशी पानं वर यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तंबूवाल्याला नव्हता. तो आला, आबांशी बोलून गेला, पाण्याकडचा तुकडा पावलांनी मोजून गेला. मला ताईचं तोंड बघवेना. अहवालात त्या ओळींसमोर थोडे थोडे आकडे दिसायला लागले. लग्नात दाखवावेत असे ते नव्हते, म्हणून कुणाला दाखवले नाहीत.

दसऱ्याच्या आधी ताईला फोन आला. पुण्याहून एक गृहस्थ, आई वॉकरवर. त्यांनी धरणाचं काही विचारलं नाही, भाव सुद्धा शेवटी विचारला. ते यायचे होते त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. गाडी दारात आली. म्हातारी उतरली, दांडा धरला, आत गेली, बराच वेळ आली नाही. ताई घाबरून दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर आली तेव्हा म्हातारीचा चेहरा मोकळा होता. मुलाला म्हणाली, इथं दोन दिवस काय, चार राहू. आबा लांबून बघत होते. ताईला म्हणाले, तंबूवाल्याला फोन लाव, म्हणावं खोल्या रिकाम्या न्हाईत.

संध्याकाळी दोन्ही वॉकर अंगणात शेजारी शेजारी उभे होते. पाहुण्या आजी मावशींकडे निरखून बघत होत्या.

"फोटोत बसलेल्या तुम्हीच ना हो? तुम्हाला बघूनच मुलाला म्हटलं, इथं चल."

मावशींनी पदर सारखा केला.

"व्हय. मीच ती," म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघितलं.

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.